एका किलोत किती भिंत?

डिस्टेंपरच्या बादलीवर एक ओळ छापलेली असते: एका किलोत अमुक इतके चौरस फूट. घरातले कुणीतरी भिंतींचे क्षेत्रफळ काढते, त्याला या आकड्याने भागते आणि तेवढे किलो घेऊन येते. मग दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर दुसरा हात निम्म्यावर आला असताना रंग संपतो, नाहीतर काम उरकल्यावर अर्धी बादली जिन्याखाली जाऊन बसते. भागाकार बरोबरच असतो. पण छापलेला आकडा एका हाताचा आहे की दोन हातांचा, हे कुणी पाहिलेले नसते. काही बादल्यांवर तो एका हाताचा असतो, काहींवर दोन हात पूर्ण झाल्यावरचा, आणि ते बारीक अक्षरांत असते.

सूत्र शाळेतल्या मुलालाही जमेल असे आहे. भिंतीचे क्षेत्रफळ गुणिले हातांची संख्या, भागिले एक किलो माल एका हातात जेवढी भिंत झाकतो ते क्षेत्रफळ. चुना असो की डिस्टेंपर, यापलीकडे सूत्र नाही. जे काही चुकते ते या तीन आकड्यांपैकी कुठला तरी आकडा अंदाजाने धरल्यामुळे. म्हणून एकच खोली घेऊ आणि ती आधी चुन्याने, मग डिस्टेंपरने काढून पाहू.

खोली कोकणातल्या जुन्या जांभ्याच्या घरातली, गिलावा केलेली. माजघर समजा. लांबी १४ फूट, रुंदी १२ फूट, भिंतीची उंची १० फूट. वर लाकडी तक्तपोशी आहे, म्हणजे छताला काही लावायचे नाही. चारही भिंतींची लांबी मिळून ५२ फूट होते, त्याला उंचीने गुणले की ५२० चौरस फूट. दोन दारे आहेत, प्रत्येकी ३ बाय ७ फुटांची, म्हणजे ४२ चौरस फूट. दोन खिडक्या ३ बाय ४ फुटांच्या, त्यांचे २४. हे ६६ वजा केले की ४५४ चौरस फूट उरतात. बरेच जण इथेच थांबतात.

जुन्या घरात मात्र इथे थांबून भागत नाही. जांभ्याची भिंत जाड असते आणि खिडकीची चौकट बहुधा बाहेरच्या अंगाला बसवलेली असते. त्यामुळे आत चारही बाजूंनी फूटभर खोल कडा उघड्या राहतात, आणि त्यांनाही चुना लागतोच. एका खिडकीचा घेर १४ फूट, खोली १ फूट, म्हणजे १४ चौरस फूट. दोन खिडक्यांचे २८. खिडक्या वजा करून जे २४ वाचले होते, ते या कडांनी परत घेतले आणि वर आणखी चार घेतले. भिंतीत दोन कोनाडे आहेत, दीड फूट रुंद, दोन फूट उंच, पाऊण फूट खोल. त्यांची मागची बाजू भिंतीत आधीच मोजली गेली आहे, पण आतल्या चार कडांचे मिळून साधारण १० चौरस फूट वाढतात. दारांच्या चौकटी आतल्या भिंतीच्या पातळीत आहेत असे धरू, म्हणजे त्यांच्या कडा नाहीत. एकूण ४९२ चौरस फूट, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर.

कंत्राटदाराच्या बिलात हाच आकडा वेगळा दिसू शकतो, आणि तो लबाडी करतोच असे नाही. सरकारी कामांत मोजमापाची जी भारतीय मानक पद्धत चालते, तिच्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे भोक वजाच करत नाहीत. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या दार-खिडक्या, भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखेच काम असेल तर, एकाच बाजूने वजा होतात आणि त्यांच्या कडा मोजल्या जात नाहीत. एकीकडे जास्त धरलेले दुसरीकडे न धरलेल्यात साधारण जिरते, असा त्यामागचा व्यवहार आहे. तो मजुरीचे बिल करण्यासाठी ठीक. माल आणायचा असेल तर मात्र जे खरोखर रंगणार आहे तेच मोजावे.

रंगाऱ्यांचा आणखी एक झटपट हिशेब असतो: कार्पेट एरियाच्या साडेतीन पट. फ्लॅटच्या सगळ्या खोल्या आणि छते एकत्र धरली तर तो पुष्कळदा जवळपास येतो, म्हणूनच टिकला आहे. पण आपल्या माजघराची जमीन १६८ चौरस फूट आहे आणि रंगवायच्या भिंती तिच्या तिपटीलाही थोड्या कमी पडतात, कारण छत नाही. उलट ८ बाय ६ ची, १० फूट उंच कोठीची खोली घेतली, तर जमीन ४८ चौरस फूट आणि भिंती २८०, जवळजवळ सहा पट. खोली जितकी लहान आणि उंच, तितकी तिला जमिनीच्या मानाने भिंत जास्त. एकाच खोलीचे काम असेल तेव्हा हा साडेतीनचा आकडा विसरावा आणि टेप हातात घ्यावी.

आता चुना. इथे ‘किलो’ या शब्दावरच पहिली अडचण येते, कारण बाजारात चुना तीन रूपांत मिळतो आणि तिन्हींचा किलो वेगळा आहे. कळीचा चुना म्हणजे भट्टीतून निघालेले, पाणी न लागलेले खडे. त्यांत पाणी घातले की ते सणसणून तापतात, फुटतात आणि चुना विरतो. या क्रियेत ५६ भाग कळी १८ भाग पाणी स्वतःत घेते, म्हणजे १ किलो शुद्ध कळीची सुमारे १.३२ किलो कोरडी विरी होते. पिशवीत मिळणारी चुन्याची भुकटी ही अशी आधीच विरलेली असते. भिजवलेला घट्ट चुना विकत घेतला तर त्याच्या वजनात निम्म्याच्या आसपास नुसते पाणी असते. शेजाऱ्याने सांगितले ‘मला पंधरा किलो लागला’, तर आधी विचारावे, कुठला?

पांढरा चुना करण्याची जी पद्धत केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांत दिली आहे, ती जुनीच आहे आणि घरीही करता येते. १ किलो कळीला सुमारे ५ लिटर पाणी. विरवून चांगले ढवळून पातळ सायीसारखे करायचे, २४ तास तसेच ठेवायचे, मग जाडसर स्वच्छ कापडातून गाळायचे. अशा १० लिटर चुन्याला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालायचा, म्हणजे सुकल्यावर हाताला कमी लागतो. पांढऱ्यातली पिवळट झाक जावी म्हणून नीळ घालतात, ती किलोमागे जास्तीत जास्त ३ ग्रॅम. विरवताना पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही. भांडे लोखंडी पिंप घ्यायचे, प्लॅस्टिकची बादली नाही, कारण मिश्रण उकळते. डोळ्यांवर चष्मा हवा. कळीचा शिंतोडा डोळ्यात जाणे ही किरकोळ गोष्ट नाही.

या प्रमाणात केलेल्या चुन्याला धरायचा कामचलाऊ आकडा असा, की १ किलो कळी एका हाताला सुमारे १०० चौरस फूट जाते. एक हात म्हणजे कुंचला एकदा फिरवणे नव्हे. आधी वरून खाली, मग खालून वर, आणि ते ओले असतानाच उजवीकडून डावीकडे व डावीकडून उजवीकडे, असे मिळून एक हात होतो. नव्या गिलाव्याला असे तीन हात लागतात. आधी चुना असलेल्या, घासून साफ केलेल्या भिंतीला बहुधा दोन पुरतात, कधी एकही.

आपल्या माजघराचा गिलावा नवा केला आहे असे धरले, तर ४९२ भागिले १०० म्हणजे एका हाताला ४.९ किलो, तीन हातांना १४.८ किलो. कळीत न विरणारे खडे असतात, ते गाळताना कापडावर राहतात आणि फेकले जातात. त्यासाठी दहा-पंधरा टक्के वाढवले की १७ किलो. पाणी ८५ लिटर, डिंक ३४० ग्रॅमच्या आसपास, नीळ फार तर ५० ग्रॅम. भुकटी आणायची असेल तर १७ ला १.३२ ने गुणायचे, म्हणजे साधारण साडेबावीस किलो. कळीचे १७ ऐकून भुकटीचे १७ आणले, तर पाऊण माल आला, आणि पाणी मात्र पूर्ण ८५ लिटर घातले तर तिसरा हात दिल्यावरही भिंत मळकटच दिसेल.

कळी ताजी आहे ना, हेही याच हिशेबात येते. उघड्यावर पडलेली कळी हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी होते. वजन भरते, पण कामाचा चुना त्यात उरत नाही. एक खडा पाण्यात टाकून पाहावे. ताजा असेल तर थोड्याच वेळात आवाज करत तापतो आणि फुटतो. नुसता भिजून पडला, तर अशा चुन्याला कुठलाच किलोमागचा आकडा लागू होत नाही.

चुन्याचा हिशेब सर्वांत जास्त बिघडतो तो हात दिल्यानंतरच्या पहिल्या तासात. ओला चुना जवळजवळ पारदर्शक असतो. हात फिरवून मागे सरकून पाहिले, तर खालचा डाग, जुन्या गिलाव्याचा पॅच, सगळे स्वच्छ दिसत असते. नवशिक्याला वाटते चुना पातळ झाला, तो पिंपात आणखी चुना घालतो आणि जाड हात मारतो. खरे तर पाणी उडून गेले आणि चुन्याचे कण कोरडे झाले की तीच भिंत पांढरी होते, आणि पुढचे काही दिवस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुन्याची चुनखडी होत राहते, तेव्हा तो भिंतीला धरतो. १ किलो कळीची शेवटी पावणेदोन किलोहून थोडी जास्त चुनखडी भिंतीवर बसते. जाड थर मात्र वरून आधी सुकतो, आक्रसतो, त्याला बारीक भेगा पडतात आणि पुढे पापुद्रे निघतात. म्हणून आकड्यापेक्षा जास्त माल जायला लागला, तर ‘भिंत जास्त पिते’ असे म्हणण्याआधी हात जाड पडतोय का ते पाहावे. चुन्याचा नीट हात पातळच असतो. दाटपणा हातांच्या संख्येने आणायचा.

भिंत पिते हेही खरे आहेच. कोरड्या ठणठणीत गिलाव्यावर चुना लावला तर तो पाणी क्षणात शोषून घेतो आणि चुना भुकटी होऊन वर राहतो. पांढरा हात बोटांना लागतो तो असा. आधी भिंतीवर पाणी शिंपडून ती दमट करावी, वाहणारे पाणी नको, तर ओल आत मुरलेली हवी. हे केले की माल कमी लागतो आणि पकडही चांगली येते. गणपतीच्या आधीच्या दमट दिवसांत कोकणात चुना काढतात, त्यात हवेतल्या ओलीची मदतच होते. फक्त भिंतीतून पावसाचे पाणी झिरपत असेल, तर तिथे कुठलाही हात टिकत नाही.

तीच ४९२ चौरस फुटांची भिंत आता डिस्टेंपरला घेऊ. डिस्टेंपर दोन जातींचे. जुने सुके डिस्टेंपर म्हणजे खडूची पूड, रंग आणि सरस, गरम पाण्यात कालवायचे; ओल्या फडक्याने पुसले की निघते. सध्या घरात वापरतात ते बादलीत मिळणारे, धुता येणारे, तेलाने किंवा अ‍ॅक्रिलिकने बांधलेले घट्ट डिस्टेंपर. ते किलोने विकले जाते, तर इमल्शन लिटरने. दोन्ही बादल्यांवरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये, कारण घट्ट डिस्टेंपर पाण्याच्या साधारण दीडपट जड असते आणि त्याच्या किलोत लिटरापेक्षा बराच कमी रंग असतो.

समजा बादलीवर लिहिले आहे, एका किलोत ६५ चौरस फूट, दोन हातांना. मग ४९२ भागिले ६५, सुमारे ७.६ किलो. हे दोन हातांसह झाले, पुन्हा दोनाने गुणायचे नाही. कुणी तो आकडा एका हाताचा समजून गुणले, तर १५ किलो येतील आणि निम्मा माल उरेल. उलट दुसऱ्या कंपनीच्या बादलीवर, एका हाताला १२० चौरस फूट, असे असेल आणि ते दोन हातांचे समजले, तर ४ किलो येतील आणि काम अर्ध्यावर थांबेल. लक्षात ठेवायला एक ढोबळ ओळख: दोन हातांचा आकडा एका हाताच्या साधारण निम्मा असतो. ओळ कळत नसेल, तर आकडा पन्नास-सत्तरच्या घरात असला की तो बहुधा दोन हातांचा आणि शंभराच्या वर गेला की एका हाताचा. पण बारीक अक्षरे वाचणे जास्त बरे.

हा किलो म्हणजे बादलीतल्या घट्ट मालाचा, पाणी घातल्यानंतरचा नव्हे. रंगारी पाणी जास्त घालतो तेव्हा एकाच बादलीत जास्त भिंत होते आणि मालक खूश होतो. पुढच्या वर्षी पाठ टेकली की शर्टाला रंग लागतो. पाण्याने क्षेत्र वाढते, पण रंग धरून ठेवणारा द्रव तेवढाच राहतो.

छापलेला आकडा गुळगुळीत, प्रायमर मारलेल्या भिंतीवरचा असतो. माजघराची भिंत गुळगुळीत नाही. इथे एकच खात्रीचा उपाय आहे: १० फूट बाय १० फुटांचा एक तुकडा खडूने आखून घ्यायचा आणि तो तोलून रंगवायचा. त्यासाठी घरातला वजनकाटा पुरतो. आपल्या भिंतीवर समजा २ किलो घट्ट डिस्टेंपरमध्ये १ लिटर पाणी घातले, म्हणजे ३ किलो मिश्रण झाले. पहिला हात देऊन बादली परत तोलली, दीड किलो कमी भरली. त्यात घट्ट माल दोन तृतीयांश, म्हणजे १ किलो. दुसऱ्या दिवशी त्याच तुकड्यावर, त्याच प्रमाणात, दुसरा हात. या वेळी मिश्रण १.२ किलो गेले, म्हणजे घट्ट माल ८०० ग्रॅम. दुसऱ्या हाताला कमी लागणे अपेक्षितच आहे, कारण पहिल्याने भिंतीची तहान भागवलेली असते. दोन्ही हातांचे मिळून १०० चौरस फुटांना १.८ किलो. ४९२ साठी ८.९ किलो, त्यात सांडलवंड आणि रोलरमध्ये राहणारा माल धरून पाच टक्के, म्हणजे ९.३. बादलीवरच्या ओळीने ७.६ सांगितले होते. १० किलो आणायचे.

हा तुकडा प्रायमर लावल्यानंतरच रंगवायचा, नाहीतर पहिल्या हाताचा आकडा फुगतो. आणि भिंतीवर जुना चुना असेल, तर तो खरवडून काढल्याशिवाय डिस्टेंपर लावू नये. चुन्याच्या सुट्या थरावर लावलेले डिस्टेंपर सुकताना त्या थरालाच ओढते आणि चुन्यासकट पापुद्रा होऊन उतरते. पुढे कितीही किलो लावले तरी फरक पडत नाही. हातावर ओले काळे फडके घेऊन भिंतीवर घासावे. फडक्यावर पांढरे आले, तर खरवडायचे काम बाकी आहे. उलट दिशेने, तेलाच्या रंगावर किंवा इमल्शनवर चुना काढायचा विचार असेल, तर तोही सोडावा, चुन्याला धरायला सच्छिद्र भिंत लागते.

नव्या गिलाव्यावर तेलाने बांधलेले डिस्टेंपर घाईने लावणेही महागात पडते, कारण गिलाव्यातल्या क्षाराने त्यातले तेल बिघडते आणि डाग उठतात. गिलावा पूर्ण सुकेपर्यंत चुन्याचा एखादा हात देऊन थांबणारे घरमालक पूर्वी असत. फक्त नंतर तो चुना काढावा लागतो, हे ते विसरत नसत.

उरलेल्या मालाचे दोघांचे वागणे वेगळे आहे, आणि किती जास्त आणायचे ते त्यावर ठरवावे. विरलेला चुना पिंपात पाण्याखाली बुडवून झाकून ठेवला तर वर्षभरही टिकतो आणि जुना होत अधिक मऊ होतो, म्हणून चुन्यात दोन-चार किलो जास्त आले तरी बिघडत नाही. उघडलेली डिस्टेंपरची बादली मात्र काही महिन्यांत वास मारते किंवा वरून साय धरते. त्यामुळे १० ऐवजी ५ किलोच्या दोन बादल्या घ्याव्यात, पण एकाच दिवशी, एकाच घाणीच्या क्रमांकाच्या, म्हणजे छटेत फरक पडत नाही. दुसरी बादली न उघडता राहिली, तर दुकानदार पांढऱ्या रंगाची परत घेतो. मशीनवर छटा मिसळून दिलेली घेत नाही, हे आधी विचारून ठेवावे.